‘मासिक चक्रवाढ’ म्हणजे नक्की काय मासिक?

“दादा, सांगलीच्या दुकानासाठी मामांनी १ लाख दिलेत, ते तीन वर्षांनी एकरकमी फेडायचे आहेत. कागदावर ‘१२ टक्के द.सा.द.शे., मासिक चक्रवाढ’ असं लिहिलंय. B1 मध्ये मुद्दल, B2 मध्ये 12%, B3 मध्ये महिने घेऊन मी खालचं सूत्र लिहिलं. आकडा महिन्यागणिक वाढतो, म्हणजे चक्रवाढ मासिकच झाली ना? बी.कॉम. होऊनही खात्री वाटत नाही. तू इंजिनिअर आणि शब्दांचा किडा, तूच सांग.”

```
=B1*(1+B2)^(B3/12)
```

नाही झाली. पैसे माझ्याच बाबांचे आहेत, तेव्हा मला निःपक्षपाती समजू नकोस. पण गणित सांगतो ते खरं आहे.

तुझी गल्लत ‘मासिक’ या शब्दात आहे. कागदावरच्या त्या ओळीत काळ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळ्या गोष्टीला चिकटतो. ‘द.सा.द.शे.’ म्हणजे दर साल दर शेकडा: शंभर रुपयांना वर्षाला १२. हा झाला दर. व्याज मुद्दलात कधी मिळवायचं, याबद्दल तो काहीच बोलत नाही. ते काम ‘मासिक’ करतं, कारण ते ‘चक्रवाढ’चं विशेषण आहे, दराचं नाही. चक्र म्हणजे व्याज मुद्दलात जाऊन पुन्हा व्याज कमवायला लागण्याचा फेरा. तो फेरा महिन्याला पुरा होतो, एवढंच ‘मासिक’ सांगतं. व्याजावर व्याज ही काळागणिक द्यायच्या व्याजाहून वेगळी गोष्ट असल्याचं भान जुनंच आहे. मनुस्मृतीत त्यांची नावं चक्रवृद्धी आणि कालवृद्धी, आणि ते व्याजाचे दोन निराळे प्रकार म्हणून शेजारी शेजारी आले आहेत.

आता तुझं सूत्र बघ. त्यात 12% अख्खा ठेवून घाताला तू १२ ने भागलंस. म्हणजे फेरा वर्षाचाच राहिला, तू फक्त त्याचे बारा तुकडे करून दाखवलेस. आकडा दर महिन्याला हलतो, म्हणून चक्रवाढ मासिक वाटते. पण वर्ष संपताना तो बरोबर १,१२,००० वर येतो, आणि तिथेच चोरी पकडली जाते. व्याज महिन्याला मुद्दलात गेलं असतं, तर वर्षाअखेर १२ टक्क्यांहून जास्त भरलं असतं. त्याआधीही कळू शकतं. B3 मध्ये 1 टाकून बघ. पहिल्या महिन्याचं व्याज सरळ १,००० रुपये यायला हवं. तुझ्याकडे साधारण ९४९ येईल.

हवं ते असं:

```
=B1*(1+B2/12)^B3
```

दराला १२ ने भागायचं आणि घातात महिने जसेच्या तसे ठेवायचे. आता वर्षाअखेर १,१२,६८२.५० येतील. ३६ महिन्यांनी तुझ्या सूत्राने १,४०,४९२.८० होत होते, या सूत्राने १,४३,०७६.८८ होतात. फरक २,५८४ रुपयांचा. म्हणजे साताऱ्याचे बरेच कंदी पेढे, आणि बाबांना पेढे आवडतात. एक सांभाळ: B2 मध्ये टक्क्याच्या खुणेशिवाय नुसते 12 पडले, तर रक्कम दर महिन्याला दुप्पट होईल.

बोलण्यातला ‘टक्का’ मात्र आणखी फसवा. आपल्याकडे खासगीत कुणी ‘दोन टक्क्यानं पैसे घेतले’ म्हणालं, तर ते बहुतेक वेळा महिन्याचे दोन असतात, म्हणजे वर्षाला २४. तिथे ‘दरमहा’ न बोलताच गृहीत असतं. म्हणून कागदावर मी ‘मासिक चक्रवाढ’ एवढ्यावर थांबलो नसतो. ‘व्याज १२ टक्के द.सा.द.शे.; दर महिन्याअखेर वर्षाच्या दराच्या बाराव्या हिश्शाने व्याज काढून मुद्दलात मिळवावे’ असं लिहून घे. ‘मिळवावे’ हे क्रियापद आलं की वाद उरत नाही.

उद्या तू हप्त्याने फेडायचं ठरवलंस, तर ‘चक्रवाढ’ हा शब्दच गळून पडतो. याच दराने ३६ महिन्यांचा हप्ता ३,३२१ रुपये ४३ पैसे येतो. पहिल्या हप्त्यातले १,००० व्याजाचे, उरलेले २,३२१.४३ मुद्दलाचे, आणि बाकी ९७,६७८.५७. व्याज त्याच महिन्यात फिटलं, मुद्दलात काही गेलंच नाही, मग चक्र कुठलं? हप्ता काढायच्या सूत्रात घात असतो, म्हणून लोक त्यालाही चक्रवाढ म्हणतात. पण हप्ते वेळेवर गेले तर तिथे फक्त घटत्या बाकीवरचं व्याज असतं. हप्ता चुकला आणि थकलेलं व्याज बाकीत मिळवायचं ठरलेलं असेल, तेव्हा ‘चक्रवाढ’ शब्द पुन्हा खरा होतो.

आत्याला नमस्कार सांग. दुरुस्त केलेला तक्ता मला पाठव. बाबांना मी दाखवतो.