प्लॅनमधली विक्री खरी किती?

«मावसभाऊ सांगलीत हळद पावडरचा ब्रँड काढतोय. प्लॅनमध्ये महिन्याला ४ टन माल आणि १४ लाख विक्री आहे. मला भागीदार हो म्हणतोय. काय तपासू?»

१४ लाख भागिले ४,००० किलो, म्हणजे किलोला ३५०. २०० ग्रॅमच्या पाकिटाला ७० रुपये. ही बहुधा एमआरपी आहे आणि एमआरपी तुमच्या हातात कधीच येत नाही. दुकानदाराचे २० टक्के गेले की ५६ उरतात. वितरकाला त्याच्या खरेदीवर ८ टक्के धरा, मग त्याला माल सुमारे ५२ ला द्यावा लागेल. त्यातच ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे कंपनीचे ४९. नव्या ब्रँडला 'बारावर एक फ्री' द्यावंच लागतं, तेव्हा पाकिटामागे ४५-४६ वर येता. टक्के थोडे इकडेतिकडे होतील, पण एकही पाकीट कमी न विकता १४ चे साधारण ९ लाख झाले.

आता ४ टन कुठून आले ते विचारा. पल्व्हरायझरच्या, म्हणजे दळायच्या मशीनच्या, क्षमतेवरून आले असतील तर तो विक्रीचा अंदाजच नव्हे. ४ टन म्हणजे २०,००० पाकिटं. अनोळखी हळद दुकानातून महिन्याला २० पाकिटं गेली तरी मी चांगलं म्हणेन, म्हणजे १,००० दुकानं लागतील. सांगली-मिरज-कुपवाड संपवून तासगाव, विटा, जत करावं लागेल. एक सेल्समन दिवसाला ४० दुकानं फिरला आणि पंधरवड्याला परत गेला, तर ५०० सांभाळतो. म्हणजे दोन पगार आणि पेट्रोल. प्लॅनमध्ये आहेत का?

खर्चाच्या पानावर मशीन, भाडं, वीज, कामगार बहुतेक असतात. राहतात त्या या गोष्टी: दळण्याआधीची साफसफाई आणि दळताना उडणारी घट, छापील पाऊचच्या प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा सिलिंडर (पाकिटाचा आकार बदलला की पुन्हा नवे), लॅबच्या चाचण्या, मुदत संपून परत आलेला माल, आणि भावाचा स्वतःचा पगार. शेवटचा नसेल तर दाखवलेला नफा म्हणजे त्याची फुकटची मजुरी.

सगळ्यात मोठं भगदाड खेळत्या भांडवलाचं. हळद हंगामात घ्यायची, अडत्याचे पैसे लवकर द्यायचे आणि दुकानदार मात्र ४५ दिवस थांबवणार. ९ लाखांच्या विक्रीवर साडेतेरा लाख नुसते उधारीत अडकतात, गोदामातला कच्चा माल वेगळाच. बरेच प्लॅन कर्ज फक्त मशीनपुरतं मागतात आणि नफ्यात असतानाच बंद पडतात.

म्हणून त्याला नफ्याचा तक्ता नको, महिन्यावार बँक शिल्लक मागा. सहाव्या महिन्यात ३०० दुकानं, म्हणजे ६,००० पाकिटं आणि पावणेतीन लाखांची विक्री धरून. तेवढ्यात कच्चा माल, दोन पगार आणि हप्ता भागत नसेल, तर फरक किती महिने कोण भरणार हे भागीदारीच्या कागदावर आधी लिहून घ्या.