दाखल्यावरचे सात लाख कोण देणार?

"राजारामपुरीत राहतो. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीची तजवीज म्हणून 3 वर्षांपूर्वी सौ.ना हिऱ्यांचा सेट घेतला. विम्यासाठी मूल्यांकन केलं तेव्हा दाखल्यावर 7 लाख आले. आता गुजरीत फिरतोय, तर 3 लाख 40 हजारांच्या पुढे कोणी जात नाही. फसवतायत का? मुंबईला नेऊ का? पुढच्या वर्षाच्या फीची काळजी नाही, त्याच दुकानात दुसऱ्या सेटसाठी महिना 15,000 ची भिशी चालू आहे, 5 हप्ते झालेत. दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे."

कोणी फसवत नाही. मुंबईला नेऊन गाडीभाडं जाईल, आकडा फारसा हलणार नाही.

दाखल्याच्या वरच्या कोपऱ्यात 'विम्याकरिता' असं लिहिलंय, ते आधी वाचा. मूल्यांककाने उत्तर दिलंय ते या प्रश्नाचं: सेट चोरीला गेला तर तसाच नवा दुकानातून घ्यायला किती लागतील? गुजरीतला सराफ वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो: हा सेट मी आज घेतला, तर त्यातून माझ्या हाती काय उरेल?

दाखल्यातली वजनं घेऊन हिशेब करू. 18 कॅरेटचं निव्वळ सोनं 30 ग्रॅम. भाव सोयीसाठी ग्रॅमला 8,000 धरला, तर 2 लाख 40 हजार. घडणावळ 20 टक्के, म्हणजे 48 हजार. बारीक हिरे मिळून 4 कॅरेट, दुकानातल्या 80,000 च्या दराने 3 लाख 20 हजार. यावर 3 टक्के जीएसटी. झाले सव्वासहा लाख. वर्षभरात भाव चढला तरी विमा अपुरा पडू नये म्हणून दहाएक टक्के वर धरले, की 7 लाख होतात. दाखला खोटा नाही.

आता विकायला जा. सोनं गाळून शुद्ध करायची घट धरून 2 लाख 30 हजार. घडणावळ शून्य, कारण कारागिराची मजुरी सेट मोडताच संपते. भरलेला जीएसटी परत मिळत नाही. खरा खड्डा हिऱ्यांत आहे. सराफाला असे बारीक हिरे घाऊक बाजारात नवे, वर्गवारी केलेले मिळतात. तुमचे मात्र कोंदणातून काढायचे, फुटके-चरे बघायचे, आकाराप्रमाणे निवडायचे, आणि प्रयोगशाळेत बनवलेले तर नाहीत ना हेही तपासायचं. एवढं करून तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास देतो, म्हणजे 1 लाख 10 हजार. बेरीज 3 लाख 40 हजार. तुम्हाला सांगितलेला आकडा हाच आहे.

एकच दुकान याहून जास्त देण्याची शक्यता आहे: जिथून सेट घेतला ते. बिलाच्या मागे परत-खरेदीची अट असते. बदली दागिना घेतला तर बरा दर आणि रोख मागितली तर कमी, असा फरक त्यात बहुधा असतो. तुम्हाला रोख हवी आहे, तेव्हा रोखीचीच ओळ वाचा. तारण ठेवायचा विचार असेल तर बँक फक्त सोन्याची किंमत धरते, हिरे नाहीत.

पण मला काळजी आहे ती भिशीची, जी तुम्हाला अजिबात वाटत नाही. फीसाठी घेतलेला पहिला सेट निम्म्यावर आला, आणि त्याच फीसाठी दुसरा घ्यायला निघालात! 11 हप्त्यांचे 1 लाख 65 हजार, दुकानाचा एक हप्ता धरून 1 लाख 80 हजार. त्याचा हिऱ्यांचा दागिना घ्या आणि विका: साधारण 90 हजार. बँकेच्या आवर्ती ठेवीत हेच पैसे मुद्दल राखून वर पाचसहा हजार व्याज देतील. 'गुंतवणूकही होते आणि अंगावरही मिरवता येतं' असं सांगून हिरे विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अशा दागिन्यात गुंतवणूक म्हणावी एवढं फक्त त्यातलं सोनं असतं.

सहावा हप्ता भरू नका. भरलेल्या 75 हजारांचं काय होतं, ते योजनेच्या कागदावर वाचा. बहुतेक ठिकाणी रोख मिळत नाही, दागिनाच घ्यावा लागतो. तसं असेल तर साधं वेढणं मागा. त्यात घडणावळ नावापुरती असते आणि विकताना भावाच्या जवळपास पैसे येतात. तेही देत नसतील तर बिनखड्याची 22 कॅरेट बांगडी घ्या, हॉलमार्क बघून. उरलेले 6 हप्ते आवर्ती ठेवीत टाका.

या वर्षीच्या फीसाठी सेट मोडायच्या आधी शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेतून विनातारण कर्ज मिळू शकतं. सौ. तो सेट खरोखर वापरत असतील तर राहू द्या. पडूनच असेल तर विका, पण 3 लाख 40 हजारच येणार असं धरून कर्जाची रक्कम ठरवा. सराफाकडून सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेटमीटरवरची शुद्धता आणि हिऱ्यांचा दर हे तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या. नुसता एकत्र आकडा सांगणाऱ्याकडून उठा.