पत्रातली एक ओळ

“मला फुफ्फुसाचा टीबी निघालाय. कंपनीत सांगितलं तर नोकरी जाईल का? लपवून कामावर जात राहू का?”

लपवू नका. पण तोंडी सांगून गप्पही बसू नका, कंपनीचं पत्र घ्या आणि ते नीट वाचा.

2023 साली चाकणच्या एका कारखान्यातला प्रेसवरचा कामगार माझ्याकडे आला. थुंकीत जंतू सापडले होते, ते नेहमीच्या औषधांना दाद देणारे होते आणि गोळ्या कालपासून सुरू झाल्या होत्या. हातात एचआरचं पत्र होतं: “पूर्ण बरे झाल्याचा दाखला आणल्यास कामावर घेण्याचा विचार केला जाईल.”

पत्र सभ्य होतं, तरी मला धडकीच भरली. साध्या टीबीचा कोर्स 6 महिन्यांचा असतो, ‘पूर्ण बरा’ हा शेरा त्यानंतरच मिळतो. पण दुसऱ्याला लागण होण्याचा धोका गोळ्या न चुकता घेतल्या की साधारण 2 आठवड्यांत खूपच कमी होतो. म्हणजे काही आठवड्यांची रजा त्या एका ओळीने सहा महिन्यांवर नेली होती, आणि वर ‘विचार केला जाईल’!

त्याला विचारून मी एचआरच्या ताईंना भेटले. त्यांना कॅन्टीनच्या ताटांची भीती होती. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही, हे सांगितल्यावर त्या मोकळेपणाने बोलू लागल्या. नवं पत्र असं झालं: “आपली नोकरी, पद व सेवाकाळ कायम राहील. संसर्गाचा धोका नसल्याचा व कामास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला मिळताच आपण रुजू व्हावे. उपचार संपेपर्यंत तपासणीच्या दिवशी सवलत मिळेल. आजाराची माहिती गोपनीय राहील.”

तारीख मुद्दामच घातली नाही. औषधांना न जुमानणारा टीबी असेल तर हा काळ लांबतो, तो डॉक्टरच ठरवतात.

पगाराचं काय? त्याचा ईएसआय कापला जात होता. त्यामुळे रजेत सरासरी मजुरीच्या 70 टक्के भत्ता मिळाला. तेव्हाच्या ईएसआय कायद्याच्या कलम 73 नुसार भत्ता चालू असताना कामावरून काढताही येत नव्हतं. मात्र ईएसआय दवाखान्याचा दाखला वेळेवर द्यावा लागतो. तो राहिला की रजा ‘न कळवता गैरहजर’ अशी नोंदली जाऊ शकते, आणि माणसं बहुधा तिथेच अडकतात. ठेकेदाराकडे असाल तर पत्र ठेकेदाराकडूनही घ्या, कारण हजेरी त्याच्याकडे असते.

चौथ्या आठवड्यात तो दाखला घेऊन रुजू झाला. खोकला थोडा उरला होता, तसा तो उरतोच. सुपरवायझर म्हणाला, “घरी जा, खोकतोयस.” त्याने पत्र आणि दाखला एचआरकडे नेला. दहा मिनिटांत तो पुन्हा प्रेसवर उभा होता.