मुलीच्या टायपिंगमध्ये चूक नाही, कामातच आहे

*माझी मुलगी बी.ए.चं दुसरं वर्ष झाल्यावर घरीच आहे. नुसती बसू नये म्हणून मीच 2,500 रुपये डिपॉझिट भरून तिला घरबसल्या फॉर्म भरायचं काम घेऊन दिलं. 7 दिवसांत 600 फॉर्म, फॉर्ममागे 40 रुपये, 540 फॉर्म अचूक हवेत असा करार होता. तिचे 487 च बरोबर निघाले. आता व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस आलीय, 6,800 रुपये भरा नाहीतर केस. तिचं मुळात लक्षच नसतं. पैसे भरून टाकू का? आणि तिला टायपिंगच्या क्लासला घालू का?*

ताई, पैसे भरू नका. पण त्याआधी मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे, 'तिचं मुळात लक्षच नसतं.' हे तुम्ही तिच्यासमोरही म्हणाला असाल, तर त्या नोटिशीपेक्षा जास्त त्रास तिला त्याचा होत असणार. आठवडाभर दिवसाला 86 फॉर्म. एकाला 7 मिनिटं धरली तरी रोज 10 तास. एवढं बसून काम करणाऱ्या मुलीचं लक्ष नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

आता जरा हिशोब करू. अशा फॉर्ममध्ये साधारण 25 रकाने असतात असं धरा, म्हणजे 600 फॉर्मचे 15,000 रकाने झाले. मुलगी इतकी नीट टाइप करते की 200 रकान्यांत एकच चूक होते, असं समजा. तरी 75 चुका होतात. त्या वेगवेगळ्या फॉर्ममध्ये पडल्या, तर 75 फॉर्म बाद आणि उरले 525. म्हणजे चांगली टायपिस्टही 540 ला पोचत नाही. त्यात मूळ फॉर्मचे फोटो पुसट दिले जातात; शून्य आहे की इंग्रजी ओ, हे कळत नाही. नावापुढे एक जास्तीची जागा सुटली तरी चूक. आणि कुठे चुकलं ते विचारलं, तर फॉर्मनिहाय यादी कोणी देत नाही, नुसता टक्का सांगतात. तुमच्या मुलीला ती यादी दाखवली होती का? एकदा विचारून बघा.

ज्याला खरोखर काम करून घ्यायचं असतं, तो कामाचं सॉफ्टवेअर स्वतः देतो आणि पगारही स्वतःच देतो. काम देण्याआधी जो डिपॉझिट किंवा किटचे पैसे मागतो, त्याची कमाई त्या पैशांतच असते. फॉर्म बरोबर भरले काय, चुकीचे भरले काय, त्याला काहीच फरक पडत नाही.

तुमच्या मनात आणखी एक गैरसमज बसलेला दिसतो. करारावर सही झाली म्हणजे त्यात लिहिलेला दंड भरावाच लागतो, असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देऊ शकतं, आणि लिहिलेला आकडा ही त्याची कमाल मर्यादा असते. शिवाय काम अचूक झालं नाही हा दिवाणी वाद आहे. त्यासाठी पोलीस घरी येऊन अटक करत नाहीत. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचं समन्स नव्हे. नोटिशीत केस नंबर दिला असेल, तर ecourts.gov.in वर तो टाकून बघा. खरी केस असेल तर तिथे दिसते. समन्स न्यायालयाकडूनच आलं, तर मात्र ते बाजूला ठेवू नका, वकिलाला दाखवा. आणि एकदा 6,800 भरलेत, की पुढे 'एनओसीचा खर्च', 'केस मागे घेण्याची फी' अशी मागणी येत राहते, कारण घाबरून पैसे देणारं घर सापडलेलं असतं.

आजच 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे भरल्याचा यूटीआर नंबर, करार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जपून ठेवा. काहीही डिलीट करू नका. मुलीचं आधार आणि पॅन त्यांच्याकडे गेलं असेल, तर तिचा क्रेडिट रिपोर्ट काढून तिच्या नावावर कोणी कर्ज घेतलेलं नाही ना, ते पाहा.

टायपिंगचं म्हणाल, तर लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट वेगाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. ती वाट चांगली आहे, पण ती तिने मागितली तर. शिक्षा म्हणून क्लासला घालू नका. तुमच्या पत्रात तिला काय हवंय हे एकदाही आलेलं नाही. दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण का थांबलं, हेही नाही. पदवीला एकच वर्ष उरलं आहे. आधी ते विचारा, आणि मग पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.

तक्रार लिहिताना एवढं सांभाळा. 'मुलीकडून चुका झाल्या' असं त्यात लिहू नका. 'काम देतो सांगून आमच्याकडून 2,500 रुपये घेतले आणि आता धमकावून आणखी मागत आहेत' असं लिहा, आणि लिहिताना तिला शेजारी बसवा.