मस्टरवरचा ‘गै’

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत ऑफिसला आहे, पगार २८ हजार. सप्टेंबरमध्ये डिलिव्हरी आहे. सुट्टीतला पगार कंपनी देते की सरकार? कसा मोजतात? अकाउंटवाले म्हणतात यंदाची इन्क्रिमेंट जाईल, हे खरं आहे का?

उत्तर:

त्या अकाउंटवाल्यांना आधी एवढंच विचारा, की तुमच्या रजेच्या दिवसांपुढे मस्टरवर ते काय लिहिणार आहेत. ‘प्रसूती रजा’ लिहिणार असतील तर इन्क्रिमेंट जायचं कारण नाही. ‘गैरहजर’ किंवा ‘बिनपगारी’ लिहिणार असतील तर ती जाणार, आणि नंतर वर्षभर भांडून तुम्ही थकाल. पगारपत्रकं करणाऱ्या माणसाला हे चांगलं माहीत असतं. तरी सांगतात की कायद्यातच तसं आहे. तसं कायद्यात नाही.

पैसे कोण देतं ते तुमची पगाराची स्लिप सांगेल. स्लिपवर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात असेल तर पैसे ईएसआयसी देते, तेही पूर्ण सरासरी वेतनाने. त्यासाठी लगतच्या दोन वर्गणी-कालावधींत ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ईएसआय कापला जात नसेल तर सगळा बोजा कंपनीवर. खासगी मालकाला सरकार त्यातलं काही परत देत नाही, म्हणूनच एवढी कुरकुर असते. ईएसआयची मर्यादा २१ हजार आहे, पण ती ‘वेतना’वर मोजतात. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतल्या व्याख्येत घरभाडं आणि प्रवासभत्ता एका मर्यादेपर्यंत बाहेर राहतात. त्यामुळे नुसत्या २८ च्या आकड्यावर जाऊ नका, स्लिप बघा.

आता हिशेब. याच एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यातल्या बाईचं प्रकरण घेतो, कारण होतील तेवढ्या चुका तिच्या एकटीच्या कागदावर झाल्या होत्या. तपासणी विभागात रोजावर होती, मूळ आणि महागाई मिळून रोज ९०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर २३,४०० होतात, म्हणजे ईएसआयच्या बाहेर. रजा १ ऑगस्टपासून, पहिलं बाळंतपण. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे मिळतात. त्याचे १८२ दिवस होतात आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात.

रोजचा दर काढायला रजेआधीचे तीन कॅलेंडर महिने बघतात. तिचे मे, जून आणि जुलै. मे महिन्यात उलट्यांनी हैराण होऊन ती बरेच दिवस घरी होती, त्यामुळे तीन महिन्यांत मिळून ६६ दिवस काम झालं आणि ५९,४०० रुपये मिळाले. ऑफिसने ही रक्कम ९२ ने भागली, कारण तीन महिन्यांचे दिवस ९२. दर आला ६४५ रुपये ६५ पैसे. इथेच पहिली चूक झाली. ज्या दिवशी काम केलं त्या दिवसांच्या वेतनाची सरासरी काढायची असते, म्हणून वर ५९,४०० असतील तर खाली ६६ च हवेत. दर ९०० च राहतो. आजारपणात बुडालेले दिवस वरही येत नाहीत आणि खालीही येत नाहीत. ९२ ने भागलं तर त्या उलट्यांचा दंड ती पुढचे सहा महिने भरत बसते.

चूक दाखवल्यावर ऑफिसने दर ९०० मान्य केला, पण गुणलं १५६ ने. २६ आठवडे आणि आठवड्याचे सहा दिवस, कारण रविवारी काम नसतं. ही दुसरी चूक, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी. कोइमतूरच्या एका मळ्यातल्या कामगार बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच हा वाद मिटवलाय: आठवडा म्हणजे सात दिवस, बिनपगारी रविवारसुद्धा धरायचा. तेव्हा ९०० गुणिले १८२, म्हणजे १,६३,८०० रुपये. १५६ ने गुणलं असतं तर १,४०,४०० मिळाले असते आणि पहिल्या चुकीच्या दराने १,१७,५०९. एकाच बाईच्या एकाच रजेचे तीन आकडे, आणि तिन्ही कागदावर टाइप करून सही-शिक्क्यासह आले होते.

तुम्ही महिन्याच्या पगारावर आहात, म्हणजे रविवार पगारात आधीच धरलेला आहे. तुमचा हिशेब सोपा आहे, पूर्ण ‘वेतन’ चालू राहतं; त्यात काय धरतात ते शेवटी सांगतो. फक्त कोणी महिन्याचा पगार ३० ने भागून वर रविवार वजा करत असेल तर तिथेच थांबवा.

हे पैसे कधी मिळावेत तेही ठरलेलं आहे. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिला की आगाऊ द्यायचे असतात. तिची तारीख २६ सप्टेंबर होती, म्हणजे आधीचे ५६ दिवस, ५०,४०० रुपये. राहिलेल्या १२६ दिवसांचे १,१३,४०० बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. शिवाय कंपनीने बाळंतपणाची वैद्यकीय सोय फुकट केली नसेल तर ३,५०० रुपये वेगळे, त्याला मेडिकल बोनस म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या दर महिन्याला पगारासारखे टाकतात आणि बायका तेवढ्यावर खूश असतात. पैसे वेळेवर येत असतील तर त्यावर भांडू नका. पण लेखी नोटीस द्याच. त्यात कोणत्या तारखेपासून रजा, पैसे कोणाच्या हाती द्यायचे आणि या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढं लिहायचं. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला पोरगी सातव्या महिन्यातच माहेरी जाते आणि कागद राहून जातो. राहिला तरी हक्क जात नाही, नोटीस बाळंतपणानंतरही देता येते. आधी दिली तर एवढंच, की ‘कळवलंच नाही’ म्हणायला कोणाला जागा राहत नाही.

आता इन्क्रिमेंट. त्या कारखान्यात युनियनच्या करारानुसार दर १ एप्रिलला रोजात ४० रुपये वाढ होती, अट एकच, आधीच्या वर्षात २४० दिवस हजेरी. बाई ३० जानेवारीला कामावर परत आली. एप्रिलमध्ये सगळ्यांचे रोज वाढले, तिचा ९०० च राहिला. विचारायला गेली तर पगाराच्या टेबलावरून उत्तर मिळालं, “घर बशीसन पगार लिधा, आते वाढ बी?” मस्टर मागवलं. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत तिच्या ओळीत रोजच्या चौकोनात ‘गै’, ‘गै’, ‘गै’. निळ्या शाईने, एकही चौकोन न चुकवता, रविवारच्या घरातसुद्धा. पैसे दिले होते, पण रजा नोंदलीच नव्हती. वर्षअखेरीला मस्टरवरून दिवस मोजले: एप्रिलमध्ये २५, मे ते जुलै ६६, परत आल्यावर मार्चअखेर ५१. एकूण १४२. २४० व्हायला कमी पडले, वाढ नाही.

ही रजा पगारी आहे, मंजूर आहे आणि कायद्याने दिलेली आहे. बोनसच्या कायद्यात पगारी प्रसूती रजेचे दिवस कामाचे धरायचे असं सरळ लिहिलंय. ग्रॅच्युइटीतही २६ आठवड्यांपर्यंतची ही रजा सलग नोकरीत धरतात. आणि या रजेमुळे बाईच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलायच्या नाहीत, असं बंधन मालकावर १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. करारातली वाढ ही नोकरीची अट नाही तर काय आहे? रजेतले कामाचे दिवस म्हणजे रविवार सोडून १५६ जरी धरले, तरी १४२ अधिक १५६ म्हणजे २९८ होतात. २४० केव्हाच ओलांडले. ‘गै’ खोडून ‘प्र.र.’ झालं, बाजूला सही झाली आणि एप्रिलपासूनचा फरक निघाला. ४० रुपये रोज म्हणजे महिन्याला १,०४० आणि वर्षाला १२,४८०. पुढची प्रत्येक वाढ, पीएफ आणि ग्रॅच्युइटी याच पायावर मोजली जाते, म्हणून ही रक्कम एका वर्षात संपत नाही. जे अजून म्हणतात की बाई घरी बसली म्हणून वाढ नाही, त्यांनी तोच नियम हात मशीनमध्ये सापडून पगारी रजेवर बसलेल्या गड्यालाही लावून दाखवावा.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची. वाढ रजेत असताना लागू झाली तर रजेतल्या पैशांचा दर वाढत नाही, कारण सरासरी रजेआधीच्या तीन महिन्यांची असते. नवा दर कामावर परतल्यापासून. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांचंही असंच. मूळ वेतन ३७,००० असलेली बाई १० मे पासून १८० दिवस रजेवर गेली आणि १ जुलैला तिचं ३८,१०० झालं, तर वाढीव पैसे ६ नोव्हेंबरला रुजू झाल्यापासून मिळतात. पण पुढची वाढ पुन्हा १ जुलैलाच, तारीख पुढे सरकत नाही. सरकवलेली दिसली तर सेवापुस्तक उघडून बघा. बहुतेक वेळा रजेचा तुकडा असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा म्हणून पडलेला असतो.

तुमच्याकडे करार नसून साहेबांच्या शेऱ्यावर वाढ ठरत असेल तर मामला इतका सरळ नाही. शेरा कामाच्या महिन्यांवर द्यावा, रजेचे महिने शून्य धरू नयेत, हे मागता येतं, पण टक्का किती ते कायदा सांगत नाही. रजेवर जाण्याआधी तोपर्यंतच्या कामाचा शेरा ईमेलवर मागून घ्या.

आणखी काही, जे आधी सांगायला हवं होतं. अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं लागतं. आधीची दोन मुलं हयात असतील तर २६ ऐवजी १२ आठवडे. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला हे लागू होत नाही, कारखान्याला होतं. आणि नव्या संहितेत ‘वेतन’ म्हणजे मूळ आणि महागाई. बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्यावरचे तेवढे वेतनात परत धरतात. तुमचे २८ हजार कसे फोडलेत ते म्हणूनच बघायला सांगतोय. मूळ १२ आणि भत्ते १६ असतील तर भत्त्यांतले २ परत येऊन वेतन १४ हजार होतं, आणि तेवढंच देऊ असं कोणी म्हणू शकतं. तुमच्या कंपनीत याआधी रजेवर गेलेल्या बाईला पूर्ण पगार मिळाला असेल तर तिची स्लिप आधी मिळवा.

रजेच्या पहिल्या महिन्याची स्लिप आली की हजेरीचा रकाना वाचा. तिथे ‘प्र.र.’ किंवा ‘एमएल’ दिसलं पाहिजे. ‘गै’ किंवा ‘एलडब्ल्यूपी’ दिसलं तर त्याच आठवड्यात ईमेल करा, एप्रिलची वाट बघू नका.