हजेरी आणि परीक्षेची सवलत: अर्ज आत्ताच द्या

ताई, मुलांच्या छळामुळे लेकीचं शाळेत जाणं होत नाही, त्यात ती दहावीला आहे आणि शाळा सीबीएसई, म्हणून आधी हजेरीचं बघा. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, मोजणी १ जानेवारीपर्यंतची. कमी पडली तर सूट मिळू शकते, पण प्रस्ताव शाळेमार्फतच जातो आणि आजारपणाचे कागद त्या त्या वेळी दिलेले लागतात. डिसेंबरात एकदम आणलेल्या दाखल्यावर शंका घेतात.

नुसतं ‘मुलं त्रास देतात’ लिहून भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. दाखल्यात निदान, उपचार कधीपासून आणि कोणत्या तारखांना शाळेत जाणं शक्य नव्हतं, हे स्पष्ट हवं. छळाची तक्रार मुख्याध्यापकांकडे वेगळ्या पत्राने करा. दोन्हींच्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच, तोंडी आश्वासनावर थांबू नका.

शाळेच्या परीक्षेसाठी नेमकं मागा: ‘वेगळ्या खोलीत बसवावे, दहा मिनिटं उशिरा आत व आधी बाहेर सोडावे, चुकलेली चाचणी पुन्हा घ्यावी.’ अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेच्याच हातात असतात, त्यामुळे वह्या आणि प्रकल्प घरून पाठवायची परवानगीही त्याच अर्जात लिहा. उत्तर लेखी मागा.