टक्क्यांखालचा छेद कुठे आहे?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या नव्या नोकरीसाठीचा तुझा रेझ्युमे दोनदा वाचला. ‘धुळे-नंदुरबार टेरिटरी, १८० डॉक्टर, १०० टक्के कव्हरेज, टार्गेटच्या १११ टक्के विक्री, यशस्वी प्रॉडक्ट लाँच, नियमांचे पूर्ण पालन’ असे त्यात आहे, आणि तरीही मुलाखतीत गाडी का अडते हे कळत नाही, असे तू लिहितोस. माझ्या मते कारण उघड आहे. तुझ्या एकाही टक्क्याखाली छेद नाही. कितींपैकी किती, हे तू लिहिले नाहीस, तर समोरचा मॅनेजर स्वतःच छेद घालून पाहतो, आणि त्याने घातलेला छेद तुझ्या सोयीचा नसतो.

तो हिशेब असा करतो. १८० डॉक्टरांना महिन्यातून दोनदा भेटायचे म्हणजे ३६० भेटी. कामाचे दिवस २२ धरले तर रोज सोळाहून अधिक. शिरपूर किंवा दोंडाईचा करून रात्री धुळ्यात परतण्याच्या दिवशी, अथवा शहादा-तळोद्याच्या मुक्कामात, ओपीडीच्या वेळा सांभाळून सोळा डॉक्टर भेटत नाहीत, हे या भागात फिरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तू फोनवर वाचून दाखवलेल्या डायरीतले आकडे कितीतरी चांगले आहेत. यादीतल्या १८० पैकी १५३ डॉक्टरांची महिन्यात किमान एक भेट, म्हणजे ८५ टक्के. ६० कोअर डॉक्टरांपैकी ४८ जणांची दोनदा भेट. एकूण २२० भेटी, म्हणजे रोजच्या सरासरी दहा. हेच लिही. हेडक्वार्टर, त्याच दिवशी परतायचे एक्स-स्टेशन आणि मुक्कामाचे आउटस्टेशन कोणते तेही लिही. मात्र डॉक्टरांची नावे लिहू नकोस, फक्त फिजिशियन किती, बालरोगतज्ज्ञ किती, एवढे पुरे.

आता तुझे १११ टक्के. येथे माझा संयम सुटतो. वर्षाचे टार्गेट ३६ लाख आणि कंपनीकडून स्टॉकिस्टकडे गेलेला माल, म्हणजे प्रायमरी, ४० लाख, म्हणून १११ टक्के. पण स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलेला माल, म्हणजे सेकंडरी, तू स्वतःच ३४ लाख सांगितलीस. दोन्ही एकाच दराने मोजले, तर स्टॉकिस्टकडे वर्षात सहा लाखांचा माल वाढून बसला. महिन्याची सरासरी सेकंडरी २ लाख ८३ हजार असताना हा दोन महिन्यांहून अधिकचा साठा आहे. मार्चमध्ये भरलेला असा माल पुढे परत येतो किंवा एक्स्पायरीत जातो, आणि नव्या कंपनीच्या मॅनेजरचा पहिला प्रश्न क्लोजिंग स्टॉकचाच असतो. प्रायमरी, सेकंडरी आणि क्लोजिंग शेजारी-शेजारी लिही. सेकंडरी ९४ टक्के दिसली तर दिसू दे. आदल्या वर्षी ती २९ लाख होती, म्हणजे सतरा टक्के वाढ आहे, आणि ती खरी तुझ्या कामाची आहे.

मी मार्चअखेर स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारण्यास नेहमीच नकार देत आलो. त्यापायी इन्सेंटिव्ह गेले, एक बढतीही माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली, आणि त्याची खंत मला आजही आहे. पण स्टॉकिस्ट आपले चेक वटवायला कर्ज काढत असताना माझ्या नावापुढे टक्के चढावेत, हे मला पटणारे नव्हते, आजही नाही. तुला हे हेकटपणा वाटेल, वाटू दे.

लाँचलाही तोच नियम. ‘यशस्वी’ हा शब्द काढ. किती डॉक्टरांपुढे प्रॉडक्ट मांडले, त्यांपैकी कितींनी लिहिले, आणि चौथ्या महिन्यात किती लिहीत होते, हे तीन आकडे दे. शेवटचा आकडा केमिस्टकडच्या प्रिस्क्रिप्शनच्या पाहणीतून आलेला असावा. डॉक्टरने ‘लिहितो’ म्हटल्याने तो मोजला जात नाही.

राहिला नियमांचा भाग. ‘पूर्ण पालन’ कोणीही लिहितो. औषधांच्या प्रचार-विक्रीसाठीच्या मार्च २०२४ च्या यूसीपीएमपी संहितेनुसार एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला बाराहून अधिक सॅम्पल पॅक देता येत नाहीत, प्रत्येक पॅक फार तर तीन रुग्णांच्या उपचारापुरता असतो, आणि भारतात वर्षाहून अधिक काळ सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या औषधाला ‘नवे’ म्हणता येत नाही. तुझ्या लाँचच्या मजकुरात ‘नवे’ शब्द आहे, तो तपास. मग एवढेच लिही की मिळालेली सॅम्पल, डॉक्टरनिहाय दिलेली सॅम्पल आणि हातातील शिल्लक यांचा मेळ तू दर महिन्याला घालून देत होतास. घालत नसशील, तर ही ओळ लिहू नकोस.

मागील बारा महिन्यांची स्टॉकिस्ट स्टेटमेंट जवळ ठेवून रेझ्युमे पुन्हा लिही. रविवारी जळगावला आलास तर दोघे बसून प्रत्येक आकडा तपासू. छेद नसलेला एकही टक्का दिसला, तर कागद तसाच परत देईन.

तुझा,
काका